मदत हवी आहे : मुलाची मुंज, दोन मुहूर्त, आणि रजेचा अर्ज कोणत्या तारखेचा टाकू?

गुहागरी_पुणेकर

मुलाची मुंज गावच्या घरी करायची ठरली आहे. गुरुजींनी वैशाखात दोन मुहूर्त दिले आहेत. एक बुधवारचा आहे आणि दुसरा त्यानंतर बारा दिवसांनी सोमवारी. दुसरा सुटला तर १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो. १५ जूनपर्यंत काही करता येणार नाही आणि तोवर शाळा सुरू. पुढे निज ज्येष्ठात मुहूर्त निघेल, पण हा आमचा थोरला. ज्येष्ठात ज्येष्ठाचं कार्य नको, यावर आई ठाम आहे.

अडचण अशी की वाड्यातल्या चुलत आजी फार थकल्यात, दोनदा दवाखान्यात जाऊन आल्या. वाईट वाटतं असं लिहायला, पण दहा दिवसांचं सुतक आलं की बुधवार गेला.

मी पुण्यात खासगी कंपनीत आहे. माझ्या खात्यावर अर्जित रजा ९ आहेत, किरकोळ २. साहेबांना पंधरा दिवस आधी अर्ज लागतो आणि टीममध्ये आम्ही सहाच जण. दोन्ही तारखांचे अर्ज टाकून ठेवू का? की एकच टाकून नंतर बदलू? ज्यांनी असं केलंय त्यांनी सांगा.

सोलापुरी_चादर

अभिनंदन! आमच्या बारशाला असंच झालं होतं. बाळ अठरा दिवस काचेच्या पेटीत, मग बाराव्या दिवसाचं बारसं कसलं? घरी आणल्यावर सव्वा महिन्याने केलं. मिस्टरांनी पितृत्व रजा घेतली होती, पंधरा दिवस मिळते. तुम्हीपण तीच घ्या ना.

गुहागरी_पुणेकर

ताई, मुलगा आठ वर्षांचा आहे हो :)

रजाखाते

ती पंधरा दिवसांची रजा केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना, तीही बाळंतपणाच्या आगेमागे. खासगीत कंपनी देईल तर. मुंजीसाठी वेगळी रजा कुठेच नसते, आपली साठवलेलीच वापरायची.

मी अकरा वर्षं हजेरी-पगाराचं काम बघते, म्हणून सांगते. दोन्ही अर्ज पोर्टलवर टाकू नका. दोन्हीकडचे दिवस त्याच क्षणी शिलकीतून वजा दिसतात. मग एक रद्द करायचा तर त्यालाही साहेबांची मंजुरी लागते. तुम्ही गावी, साहेब मीटिंगमध्ये, तेवढ्यात महिन्याची पगाराची कटऑफ निघून जाते. पगारपत्रकात दोन्हीकडची रजा लागते आणि शिल्लक कमी पडली तर काही दिवस बिनपगारी. पुढच्या महिन्यात दुरुस्ती होते, पण तोवर दहा मेल.

बुधवारचा अर्ज पोर्टलवर टाका. सोमवारच्या तारखा फक्त मेलने कळवा आणि त्याच मेलमध्ये लिहा की कोणती तारीख पक्की, हे अमुक दिवशी सकाळी दहापर्यंत सांगतो. साहेबांना दोन तारखांचा त्रास नसतो, कधी कळणार हे माहीत नसल्याचा असतो. दोन्ही वेळा तुमचं काम कोण बघणार, त्याचं नावही घाला. त्याला आधी विचारून, अर्थात.

गुहागरी_पुणेकर

हे पटलं. पण "अमुक दिवस" कोणता लिहू? आजींचं काही सांगता येत नाही, अगदी मंगळवारी रात्रीसुद्धा…

घरची_भिक्षुकी

त्याला शास्त्रात वाट आहे. पुण्याहवाचन-नांदीश्राद्ध होऊन देवक बसलं की नंतर आलेलं सुतक त्या कार्याला लागत नाही. आणि नांदी आदल्या दिवशीच करायला हवी असं नाही. लग्नाला दहा दिवस आधीपर्यंत, मुंजीला सहा दिवस आधीपर्यंत करता येते. तुम्ही रविवारी नांदी करून घ्या. बुधवारच्या आत बसते.

म्हणजे तुमचा "अमुक दिवस" सोमवार सकाळ. रविवारी देवक बसलं तर बुधवार पक्का. त्याआधी काही झालं तर बारा दिवसांनंतरचा सोमवार. रविवारी पहाटे आजी गेल्या असं धरलं तरी दहा दिवस पुढच्या मंगळवारी संपतात आणि तुमचा दुसरा मुहूर्त त्याच्याही पुढच्या सोमवारी आहे. गुरुजींनी बारा दिवसांचं अंतर उगाच ठेवलेलं नाही.

लोणावळा_चिक्की

नांदी झाली की मोकळे ना मग? रविवारी करून रात्रीच्या गाडीने परत यायचं, सोम-मंगळ ऑफिस करायचं, मंगळवारी रात्री पुन्हा जायचं. दोन रजा वाचल्या.

घरची_भिक्षुकी

नाही. देवक बसल्यावर यजमान दांपत्याने गावाची शीव ओलांडू नये असा आचार आहे, तो देवक उठेपर्यंत. नांदी लवकर करायची तर तिथंच राहायचं.

लोणावळा_चिक्की

आमच्या गुरुजींनी चालतं म्हणून सांगितलं होतं. भावाच्या वेळी भाऊ मध्ये एक दिवस ठाण्याला जाऊन आला.

घरची_भिक्षुकी

त्यांनी सांगितलं असेल. मी सांगणार नाही.

रजाखाते

मग हिशेब मांडून बघा. साधा बेत म्हणजे मंगळवारी ग्रहमख, बुधवारी मुंज, गुरुवारी आवराआवर आणि परतीचा प्रवास. रजा तीन. नांदी रविवारी केली तर शनिवारी निघायचं आणि सोम ते गुरू रजा. म्हणजे चार. एक जास्त रजा देऊन सुतकाची धास्ती जाते. नऊ शिल्लक असताना मी तरी देईन. अर्ज आत्ताच चार दिवसांचा टाका, कमी करणं सोपं असतं.

दुसऱ्या तारखेला मात्र जपा. सोमवारच्या मुंजीसाठी शुक्रवारची रजा घेऊ नका. तुमच्याकडे सँडविच नियम असेल तर शुक्र, सोम, मंगळ अशा तीन रजांमध्ये शनिवार-रविवारही मोजले जातात आणि पाच कापल्या जातात. शुक्रवारी काम संपवून रात्री निघा, म्हणजे सोम-मंगळ दोनच लागतील. तरी तुमचं धोरण एकदा वाचाच, प्रत्येक कंपनीचं निराळं असतं.

माहेरवाशीण

एक गोष्ट कुणी पुरुष विचारणार नाही म्हणून विचारते. मुलाच्या आईची तारीख कधी आहे? आमच्याकडे सगळा खोळंबा त्याने झाला होता. गोळ्या घेतल्या तरी तिसऱ्या दिवशी आलीच, आणि डोकेदुखी वेगळी.

घरची_भिक्षुकी

नांदी झाल्यावर अडचण आली आणि पुढे मुहूर्त नसला तर शांती करून कार्य करतात. गुरुजींना आधीच विचारून ठेवा, आयत्या वेळी सामान मिळत नाही. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारावं, भटजींना नव्हे.

गुहागरी_पुणेकर

बायकोला धागा दाखवला. बुधवार तिला सोयीचा आहे, सोमवार काठावरचा. त्यामुळे रविवारी नांदी करायचं आमच्या बाजूने नक्की. चार दिवसांचा अर्ज आत्ताच टाकला आणि सोमवारच्या तारखांचा मेलही पाठवला. साहेबांचं उत्तर आलं : "सोमवारी दहा वाजता फोन कर, नेटवर्क असेल तिथून." आमच्या आळीत नेटवर्क नाही, सड्यावर जावं लागेल. सडा शिवेच्या आत येतो ना काका?

घरची_भिक्षुकी

येतो. जा.

पण एक राहिलंच. नांदीनंतर आजी गेल्या तर शास्त्राने तुम्हाला अडचण नाही, पण त्याच वाड्यात पलीकडच्या पडवीत त्यांची मुलं असतील. तिथे सनई-चौघडा वाजवायचा का, हे मी सांगू शकत नाही. त्यांच्याशी आत्ताच बोला.

गुहागरी_पुणेकर

बाबा म्हणतात मी बोलतो. दोन दिवस झाले, अजून बोललेले नाहीत.