मदत हवी आहे: गीतेतलं 'कर्म' इंग्रजीत ठेवावं की उलगडावं?

नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या आमच्या वाचनगटासाठी गीतेचे निवडक श्लोक इंग्रजीत करतोय, वाचणारी मुलं इंग्रजी माध्यमाची. 'धर्म' तसाच ठेवलाय, पहिल्या वापराला तळटीप देऊन. घोडं अडलंय ते 'कर्म'पाशी.

हा शब्द इंग्रजीत कधीच रुळलाय, पण 'केल्याचं फळ' या अर्थाने. 'कर्मण्येवाधिकारस्ते' (२.४७) मध्ये तर कर्म आणि फळ वेगळं काढलंय. तिथे 'कर्मा' ठेवला तर मुलं नेमका उलटा अर्थ घेतील, म्हणून 'ॲक्शन' केलं.

पण ४.१७ मध्ये कर्म, विकर्म, अकर्म एकापाठोपाठ येतात. 'ॲक्शन, फॉरबिडन ॲक्शन, इनॅक्शन' केलं की अर्थ बराचसा पोचतो, पण 'वि' आणि 'अ' या उपसर्गांचा खेळ जातो. शिवाय 'इनॅक्शन' म्हणजे नुसतं हातावर हात ठेवून बसणं वाटतं, आणि पुढचाच श्लोक 'कर्मण्यकर्म यः पश्येत्' लंगडा पडतो.

४.१७-१८ पुरते मूळ शब्द ठेवून कंसात अर्थ द्यावा, बाकी सगळीकडे 'ॲक्शन'? की एकाच पुस्तिकेत दोन रूपं आल्याने हे दोन वेगळे शब्द आहेत असं मुलांना वाटेल? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सांगा.