इंटर्नशिपमधून दोन दिवस रजा हवी आहे, मेल कसा लिहू?

पारिजात: मदत हवी आहे. तीन महिन्यांची इंटर्नशिप चालू आहे. मावसबहिणीच्या लग्नासाठी गुरुवार 12 आणि शुक्रवार 13 जूनला रजा हवी आहे. अडचण अशी की माझा आठवड्याचा अहवाल शुक्रवारीच द्यायचा असतो. मॅडमना विनंतीचा मेल लिहिलाय, पण त्यात सगळं लग्नाबद्दलच आहे.

सरळरेषा: कारण सविस्तर लिही आणि पत्रिका जोड. पुरावा दिला की कोणी नाही म्हणत नाही.

जुनाखडू: पत्रिका मागितली तर दे, आपणहून नको. कारणाला एक ओळ पुरते. मॅडमना खरं तर हे कळायला हवं की कुठल्या तारखांना तू नाहीस, शुक्रवारच्या अहवालाचं काय आणि परत कधी येणार. ‘दोन दिवस’ एवढंच लिहिलंस तर शुक्रवार-सोमवार की गुरुवार-शुक्रवार हे विचारायला त्यांना उलट मेल करावा लागतो, आणि तिथेच मंजुरी रेंगाळते. तारीख आणि वार दोन्ही लिही.

अहवालासाठी ‘मी बघेन’ म्हणू नकोस, बुधवारी संध्याकाळपर्यंत देते असं लिही. मात्र त्यात गुरुवार-शुक्रवारची आकडेवारी नसेल, हेही आत्ताच सांग. नाहीतर अहवाल अपुरा दिल्यासारखा दिसतो. मेल साधारण असा:

> विषय: 12 व 13 जून रजेबाबत विनंती
>
> आदरणीय मॅडम,
> मावसबहिणीच्या लग्नासाठी गुरुवार 12 आणि शुक्रवार 13 जून या दोन दिवसांची रजा मिळावी, ही विनंती. आठवड्याचा अहवाल बुधवार 11 जूनला संध्याकाळी 5 पर्यंत पाठवते. त्यात बुधवारपर्यंतची आकडेवारी असेल, उरलेली सोमवारी जोडते. सोमवार 16 जूनला नेहमीच्या वेळी हजर राहीन.
> आपली,
> (नाव, विभाग)

मोरपंखी: माझे सर मेल वाचतच नाहीत, व्हॉट्सॲपवर विचारलं तर ‘ओके’ म्हणतात. तेवढं चालतं ना?

जुनाखडू: तोंडी किंवा व्हॉट्सॲपवर आधी विचारणं चांगलंच. पण हजेरी एचआर बघत असेल तर ‘ओके’ त्यांच्यापर्यंत पोचत नाही आणि महिनाअखेरीस ते दिवस गैरहजेरीत जातात. होकार मिळाला की ‘आपण बोललो त्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून मेल टाका आणि एचआरला सीसीमध्ये ठेवा.

सरळरेषा: स्टायपेंड कापतील का? आणि शनिवार-रविवारही रजेत धरतील?

जुनाखडू: ते ऑफर लेटरवर अवलंबून आहे. काही ठिकाणी रजेला लागून आलेली सुट्टीही मोजतात, तरी सहसा रजा सुट्टीच्या दोन्ही बाजूंना असेल तेव्हा. पारिजात, सर्टिफिकेटसाठी किमान हजेरीची अट आहे का, तेही त्याच पत्रात बघ.

पारिजात: पत्रात 60 दिवस हजेरी लिहिली आहे, स्टायपेंडचं काहीच नाही. मेल आत्ता पाठवते. भरपाई म्हणून एखाद्या शनिवारी येते असंही लिहू का?

मोरपंखी: लिही की.

जुनाखडू: शनिवारी ऑफिस उघडं असतं का आणि ती हजेरी मोजतात का, हे आधी एचआरला विचार.