धायरी ते हिंजवडी, रोज ५२ किमी: कोणती इलेक्ट्रिक स्कूटर पाच वर्षं टिकेल?

धायरीकर:
धायरीहून हिंजवडी फेज ३, बायपासने जाऊन-येऊन ५२ किमी. महिन्याचे २५ दिवस. ऑफिसात चार्जिंगची सोय नाही, घरी पार्किंगमध्ये सॉकेट आहे. २.९ किलोवॉट-अवरची एक स्कूटर आवडली आहे, कागदावर रेंज १२३ किमी. म्हणजे एक दिवसाआड चार्ज करून भागेल ना? मित्र म्हणतो, एलएफपी म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेटची बॅटरी नसेल तर घेऊच नकोस. गाडी पाच वर्षं वापरायची आहे. नेमकं काय बघून घ्यावं?

शांतबॅटरी:
मित्राचं ऐका. बाजारातल्या बहुतेक स्कूटरमध्ये अजून निकेल-मँगनीज-कोबाल्टचे, म्हणजे एनएमसी सेल आहेत. २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ आठवत असतील, त्यातला एक आपल्या पुण्यातलाच होता. एलएफपी पेटतच नाही. शिवाय ती एनएमसीच्या दुप्पट चार्जिंग झेलते. घरच्या पार्किंगमध्ये रात्रभर चार्जिंगला लावणार असाल तर याच्यापुढे रेंज-बिंज सगळं दुय्यम आहे.

वॅटमीटर:
चाकणला बॅटरी पॅकच्या कामात आहे, म्हणून लिहितो. "पेटतच नाही" हे असं लोकांना सांगू नका. एलएफपी सेल बिघडायला जास्त तापमान लागतं आणि बिघडला तरी एनएमसीइतका भडकत नाही, हे खरं. पण पॅकमध्ये पाणी शिरलं, वायरचा जोड सैल राहिला किंवा चार्जर भलताच लावला तर एलएफपीचा पॅकही जळतो. २०२२ च्या त्या घटनांनंतर एआयएस-१५६ हे मानक कडक झालं आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. एक सेल पेटला तर शेजारच्यांचं काय होतं याची चाचणी त्यात आली, पॅकवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटचे, म्हणजे बीएमएसचे नियम वाढले. आज नव्या गाड्यांमधून निवड करताना आगीची भीती हा निकष मी शेवटी ठेवेन.

धायरीकर, तुमची खरी अडचण १२३ या आकड्यात आहे. तो आयडीसी, म्हणजे इंडियन ड्रायव्हिंग सायकल या चाचणीतला आहे. आपल्या टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर चढवून ही चाचणी घेतात. त्यात १०८ सेकंदांचं एक आवर्तन पुन्हा पुन्हा चालवतात. सरासरी वेग ताशी २२ किमीच्या आसपास, सर्वात जास्त वेग ४२. लक्ष्मी रोडवर चालवणार असाल तर हे फार चुकीचं नाही. तुम्ही मात्र वारज्याहून पुढे ताशी ६० ने जाणार. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ४२ च्या तुलनेत ६० ला तो दुप्पट. वर चांदणी चौकाचा चढ. गाडी आणि माणूस मिळून दोनशे किलो धरले तर दर शंभर मीटर उंची चढायला साधारण ६५ वॉट-अवर लागतात, म्हणजे सपाटीवरचे जवळपास दोन किलोमीटर गेले. उतारावर मोटर वीज परत भरते त्या रीजेनमधून त्यातला थोडाच भाग परत मिळतो.

हिशेब असा करा. बायपासवर एकट्याने ६० च्या वेगात दर किलोमीटरला ३६ वॉट-अवर धरा. २.९ मधले साधारण ९० टक्के प्रत्यक्ष वापरता येतात, म्हणजे २६०० वॉट-अवर. भागिले ३६, रेंज आली ७२ किमी. एक दिवसाआड चार्जिंग विसरा, रोज रात्री लावावी लागेल. पाच वर्षांनी बॅटरी ८० टक्क्यांवर आली की तीच रेंज ५८ होते. तुम्हाला लागतात ५२. शेवटच्या दहा टक्क्यांत बऱ्याच गाड्या वेग कमी करतात, आणि ते नेमकं संध्याकाळी परत येताना बायपासवर ट्रकच्या रांगेत होणार. तिथे मंद चालणारी स्कूटर म्हणजे जिवाशी खेळ आहे. २.९ घेऊ नका.

पेठेतली:
आमच्याकडे दोन वर्षांपासून इलेक्ट्रिक आहे आणि रेंजचा कधीच प्रश्न आला नाही. शाळा, मंडई, आईकडे नवी पेठेत. आठवड्यातून दोनदा चार्ज. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पार्किंगमध्ये सॉकेट लावू द्यायला सोसायटी तयार नव्हती, म्हणून काढता येणारी बॅटरी घेतली. तुम्हीही तशीच घ्या, घरात आणून चार्ज करता येते.

वॅटमीटर:
ताई, तुमच्या गरजेला ती उत्तमच आहे. त्यांच्याकडे सॉकेट आहे आणि अंतर मोठं आहे. काढता येणारी बॅटरी उचलता यावी म्हणून लहान ठेवावी लागते. त्यांना ५२ किमीसाठी तशा दोन लागतील, आणि रोज दोन बॅटऱ्या वर न्यायच्या म्हणजे पाठीला शिक्षा.

शांतबॅटरी:
आगीचा मुद्दा सोडतो. पण पाच वर्षांचा हिशेब करताय तर चार्जिंगच्या सायकलचाही करा की. महिन्याला १३०० म्हणजे वर्षाला १५,६०० किमी. तुमच्याच ७२ किमी रेंजने भागलं तर वर्षाला २१७ पूर्ण सायकल, पाच वर्षांत हजाराच्या वर. एनएमसी तिथे दमायला लागते. एलएफपी दोन हजार सहज ओढते. इतकं चालवणाऱ्या माणसाला एलएफपी नको म्हणण्याचं कारण मला अजून कळलेलं नाही.

वॅटमीटर:
हा मुद्दा पक्का आहे, आणि नको असं मी म्हणतच नाहीये. धायरीकरांनी तीन वर्षांत गाडी विकली असती तर फरक पडला नसता. पाच वर्षांत पडतो. अकोला-चंद्रपूरच्या उन्हात रोज गाडी उभी राहणार असती तर मी आधी एलएफपीच बघायला सांगितलं असतं, कारण पूर्ण चार्ज होऊन तापलेली एनएमसी लवकर म्हातारी होते.

पण तोटाही बघा. तेवढ्याच वजनात एलएफपीमध्ये वीज कमी मावते, म्हणून स्कूटरच्या फ्लोअरबोर्डखाली मोठा पॅक बसवणं अवघड. सुझुकीच्या ई-अ‍ॅक्सेसमध्ये एलएफपी आहे: ३.०७ किलोवॉट-अवर, आणि आयडीसी दावा ९५ किमीचा. दावा कमी दिसतो म्हणून लोक नाक मुरडतात. मला मात्र तो जमिनीच्या जवळचा वाटतो. आपल्या ३६ च्या हिशेबाने तिची रेंज येते ७७. पाच वर्षांनी ९० टक्के उरली असं धरलं तर ६९. आता चेतकसारखी ३.५ ची एनएमसी घ्या: कागदावर १५३, बायपासवर ८७, पाच वर्षांनी ८० टक्क्यांवर ७०. दोन्ही एकाच जागी येऊन थांबल्या. त्यामुळे "कोणता सेल" यापेक्षा "पाचव्या वर्षी किती उरेल" हे विचारा.

आणि एलएफपीला एक सवय लावावी लागते. तिचं व्होल्टेज बराच वेळ सपाट राहतं, त्यामुळे किती टक्के उरली हे बीएमएसला नीट कळत नाही. आठवड्यातून एकदा शंभर टक्के भरली नाही तर मीटर २० दाखवत असताना अचानक ८ वर उतरू शकतं. एनएमसीला उलट: रोज ८०-९० वर थांबवली तर बरी. पण धायरीकरांना ५२ किमीसाठी लहान पॅक घेऊन ही चैन परवडणार नाही, हे मोठा पॅक घेण्याचं आणखी एक कारण.

शांतबॅटरी:
एनएमसीची ८० आणि एलएफपीची ९० टक्के, हे तुम्ही धरलेले आकडे आहेत. मी एनएमसीसाठी ७५ धरेन. ३.५ ला मग ६५-६६ उरतात आणि एलएफपी पुढे जाते. माझं मत बदललेलं नाही.

मिरजकर:
तुम्ही सेलवर भांडताय, माझी गाडी कंट्रोलर नसल्यामुळे आठवडेच्या आठवडे उभी होती. बॅटरी ठणठणीत. मिरजेतलं डीलरचं दुकान बंद झालं, सांगलीचा माणूस म्हणाला पार्ट कोल्हापूरहून येईल, कोल्हापूर म्हणालं कंपनीकडून आलेला नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही. पण रेंज किती हा प्रश्न गाडी चालू असली तरच येतो. पुण्याबाहेर राहणाऱ्यांनी आधी सर्व्हिस बघावी, मग बाकी सगळं.

दहा-अकराचा पाना:
कर्वेनगरला गॅरेज आहे, इलेक्ट्रिक गाड्या येतात त्यांचं जमेल ते करतो. मिरजकरांशी सहमत, फक्त पुण्यातही हे होतं. शोरूममध्ये विचारून काही कळत नाही, तिथे सगळे "दोन दिवसांत होईल" म्हणतात. सर्व्हिस सेंटरच्या मागच्या बाजूला जा. धूळ बसलेल्या, सीटवर कागद चिकटवलेल्या किती गाड्या उभ्या आहेत बघा. कागदावर तारीख असते. जमलं तर एखाद्या मालकाला विचारा कशासाठी थांबलीय. मग काउंटरवर तीन गोष्टी: पुढची अपॉइंटमेंट कधीची मिळेल, कंट्रोलर आणि चार्जर इथे स्टॉकमध्ये असतात का, आणि पॅक इथेच उघडतात की कारखान्यात पाठवतात.

गाडी बंद पडली म्हणजे मोठी बॅटरी गेली असं लोक समजतात. कित्येकदा १२ व्होल्टची छोटी बॅटरी बसलेली असते किंवा चार्जरची पिन जळलेली असते. पिन तपकिरी दिसायला लागली की लगेच दाखवा आणि १६ अँपिअरचा सॉकेट चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून लावून घ्या, अर्थिंग तपासून. आयक्यूबसारख्या हब मोटरच्या गाडीला मागचं चाक खोलायचं म्हटलं की रस्त्यावरचा पंक्चरवाला हात लावत नाही. ट्यूबलेस असल्यामुळे साधं पंक्चर निघतं, पण टायर बदलायला सेंटरच गाठावं लागतं. एथरला बेल्ट आहे, चाक सोपं पण बेल्टची तपासणी चुकवायची नाही.

पेट्रोलवाला:
इतकी भानगड कशाला? १२५ सीसी घ्या. टाकी दोन मिनिटांत भरते, कुठल्याही गावात मेकॅनिक मिळतो, पाच वर्षांनी विकली तरी किंमत येते.

वॅटमीटर:
मेकॅनिकचं आणि विकताना मिळणाऱ्या किमतीचं मान्य. पण १३०० किमीला ५० च्या अ‍ॅव्हरेजने २६ लिटर, म्हणजे महिन्याला अडीच हजारांच्या वर. इलेक्ट्रिकला चार्जिंगमधला तोटा धरून साधारण ५५ युनिट. घरच्या दराने पाचशे-सहाशे रुपये. महिन्याला दोन हजारांचा फरक पाच वर्षांत सव्वा लाखापर्यंत जातो.

पेट्रोलवाला:
आणि वॉरंटी संपल्यावर बॅटरी गेली तर?

वॅटमीटर:
हाच प्रश्न विचारायला हवा, आणि धायरीकरांसाठी तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. वॉरंटीत वर्षं आणि किलोमीटर दोन्ही असतात, जे आधी होईल ते. "तीन वर्षं किंवा ५०,००० किमी" यात तुमचे किलोमीटर तीन वर्षं संपून दोन-तीन महिन्यांत भरतात. ३०,००० ची मर्यादा असेल तर दोन वर्षंही निघत नाहीत. "आठ वर्षं किंवा ८०,०००" ऐकायला आठ वाटतात, तुम्हाला ती पाच वर्षं मिळतात, म्हणजे नेमकी हवी तेवढी. जादा पैसे भरून ती घ्या. मात्र त्यात बॅटरी किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून देणार, हे लिहिलेलं पाहिजे. एथरच्या वाढीव वॉरंटीत ७० टक्के असा आकडा दिलेला आहे. नुसतं "बॅटरी बिघडल्यास" लिहिलं असेल तर रेंज हळूहळू उतरणं त्यात बसत नाही, कारण गाडी चालू असते.

धायरीकर:
२.९ रद्द. ३.५ च्या आसपासची एनएमसी किंवा ती एलएफपी, यांतून ठरवतो. शनिवारी दोन्ही सेंटरच्या मागे जाऊन उभ्या गाड्या बघतो. टेस्ट राइड बायपासवर देतील का?

दहा-अकराचा पाना:
मागा. सुरुवातीला टक्के, किलोमीटर आणि डिस्प्लेवरचा वॉट-अवर प्रति किमीचा आकडा असेल तर तो फोटोत घ्या, परत आल्यावर पुन्हा घ्या. चांदणी चौकाचा चढ चढूनच परत फिरा. देत नसतील तर त्याच मॉडेलच्या कुणा मालकाला गाठा. हिंजवडीच्या पार्किंगमध्ये डझनभर सापडतील, आणि दोन वर्षं चालवलेल्याला विचारा, नव्या गाडीवाल्याला नको.

शांतबॅटरी:
आणि त्यातला कुणी एनएमसीवाला ४०,००० किमी झालेला भेटला तर त्याची रेंज इथे नक्की लिहा. माझा ७५ चा आकडा बरोबर की वॅटमीटर यांचा ८० चा, ते तरी कळेल.