लाल खुणा झाकून तपासायला द्या

> मॅडम, पेपर मी तपासलाय, शंका आली तर मीच परत बघतो ना, दुसऱ्या कोणाकडे कशाला द्यायचा?

सर, तुमच्या तपासण्यावर भरवसा आहेच, पण आपलीच लाल खूण समोर असली की डोळा तिथंच अडकतो. ३ मार्कांचं x² − 2x − 15 = 0 बघा. पोरानं (x − 5)(x + 3) = 0 बरोबर काढलंय, खाली x − 5 = 0 किंवा x + 3 = 0 पण लिहिलंय, फक्त शेवटी −3 च्या जागी 3 झालंय. तुम्ही त्या 3 ला गोल करून १ दिलात, आणि खरं सांगते, तो गोल बघून मीपण पहिल्यांदा १ च म्हणाले. मग खुणांवर कागद ठेवून आपल्या उत्तरसूचीप्रमाणे बघितलं, अवयवांना १, दोन समीकरणं मांडायला १, दोन्ही मुळांना मिळून १, म्हणजे २ होतात हो!

म्हणून म्हणते, नाव, मार्क आणि लाल खुणा झाकून झेरॉक्स काढा, दुसऱ्या तुकडीच्या सरांना फक्त उत्तरसूचीसोबत द्या, तुमचे किती ते सांगू नका. फरक आला तर दोघं मिळून त्या पायरीपुरतं बसा.