मदत हवी: प्रेग्नन्सीत घसा दुखतोय, घरात आहे त्यातलं काय चालेल?

दादरची_रेवा: घसा नुसता सोलवटलाय, आवंढा गिळला की डोळ्यांत पाणी येतं. घरी बेटाडीन गार्गल आहे, काँबिफ्लाम आहे, सासूबाईंनी ज्येष्ठमधाचा काढा उकळत ठेवलाय. यातलं काय घेऊ? लवकर सांगा, उद्या ऑफिस आहे.

नीमा७७: कितवा महिना? ताप? खोकला?

कोकणचा_काका: काढा घ्या बिनधास्त. आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या घेतायत, ज्येष्ठमध अगदी निर्धोक.

औषधवाला_गोरेगाव: काका, चिमूटभर ठीक, पण गरोदरपणात रोज कपभर काढा नको. ज्येष्ठमधाने बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं. रेवाताई, महिना सांगा, त्यावर बरंच अवलंबून आहे.

दादरची_रेवा: सातवा, २८ आठवडे. खोकला नाही. ताप मोजला नाही, अंग कणकण करतंय.

औषधवाला_गोरेगाव: मग काँबिफ्लाम बाजूला ठेवा. त्यात पॅरासिटामॉलसोबत आयब्युप्रोफेन असतं. २० आठवड्यांनंतर त्याने बाळाच्या किडनीवर ताण येऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद व्हायची भीती असते. दुखलं तर नुसतं पॅरासिटामॉल ५००, पुन्हा लागलं तर सहा तासांनी. सोबत सर्दीची गोळी नको, तिच्यातही बहुतेकदा पॅरासिटामॉल असतं. बेटाडीनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्यातलं आयोडीन शरीरात शोषलं जातं, बाळाच्या थायरॉइडला त्रास होऊ शकतो. कोमट पाण्याच्या ग्लासात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा.

माहीमची_आई: मिठाने बीपी वाढेल ना? मला सातव्यातच वाढलं होतं, पाय असे सुजले की चपला...

नीमा७७: अहो, गुळण्या थुंकायच्या असतात, गिळायच्या नाहीत! आणि पायांचं कुणी विचारलंय? रेवा, आधी थर्मामीटर लाव. मोबाइलचा टॉर्च तोंडात मारून आरशात बघ, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत का?

दादरची_रेवा: १०१. ठिपके आहेत बहुतेक. जबड्याखाली गाठ लागतेय, दाबली की दुखते.

औषधवाला_गोरेगाव: खोकला नाही, ताप, ठिपके, गाठ. स्ट्रेपचा, म्हणजे घशातल्या बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनचा, संशय घ्यायला एवढं पुरेसं आहे. आता गुळण्यांवर थांबू नका, आजच तुमच्या गायनॅकला फोन करा. अँटिबायोटिक लागलंच तर बहुधा अमॉक्सिसिलिन देतील, ते गरोदरपणात सर्रास देतात. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा.

कांदिवली_मन्या: बायकोचं अझिथ्रोमायसिन उरलंय आमच्याकडे, तीन गोळ्यांत काम फत्ते.

औषधवाला_गोरेगाव: उरलेलं कुणी कुणाला देऊ नका. रेवाताई, थुंकी गिळता येईना, तोंड उघडेना, श्वास लागला किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर फोनची वाट न बघता सरळ हॉस्पिटलला.

कोकणचा_काका: ज्येष्ठमधाचं मला अजून पटलेलं नाही.

दादरची_रेवा: फोन लागला, संध्याकाळी बोलावलंय. काका, काढा सासऱ्यांनी प्यायला. हळदीचं दूध तरी चालेल ना तोवर?

नीमा७७: चालेल. हळद आमटीत घालतेस तेवढीच, चमचाभर नको.