शेंगेन व्हिसा: पासपोर्ट भारतीय, मुक्काम ब्रिटनमध्ये. अर्ज कुठून करावा?

दर्यावर्दी
मास्टर्स सप्टेंबरमध्ये संपलं. ब्रिटनचा स्टुडंट व्हिसा ३१ जानेवारीपर्यंत आहे, त्यानंतर ग्रॅज्युएट व्हिसा घेणार आहे. १८ ते २७ डिसेंबर फ्रान्सला जायचंय. मित्र सांगतात, मुदत इतकी कमी उरली असताना इथून अर्ज करू नकोस, भारतात जाऊन कर. आज ६ ऑक्टोबर. काय करावं, आणि इथलं कायदेशीर वास्तव्य दाखवायचं कशाने?

उंबरठा
मित्र बरोबर सांगताहेत. भारतात तुम्ही नागरिक आहात, त्यामुळे वास्तव्य सिद्ध करायचा प्रश्नच येत नाही. घरचा पत्ता, आईवडिलांचे आर्थिक कागद, सगळं हाताशी. ब्रिटनमध्ये तुम्ही तात्पुरते. तात्पुरत्या माणसाचा अर्ज कुठलीही वकिलात संशयानेच बघते. तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील, नकाराचा शिक्का नको.

कागदवाचक
उंबरठा, इथे मूळ नियमच उलटा आहे. शेंगेनच्या व्हिसा संहितेचं कलम ६ नागरिकत्व बघत नाही, अर्जदार कायदेशीरपणे राहतो कुठे ते बघतं. दर्यावर्दी ब्रिटनमध्ये राहतात, म्हणून त्यांचा अर्ज ब्रिटनमधल्या फ्रेंच वकिलातीचा. ते दोन आठवड्यांसाठी भारतात गेले की तिथली वकिलात विचारू शकते: तुम्ही राहता ब्रिटनमध्ये, मग अर्ज इथे का?

या प्रश्नाला संहितेत जागा आहे. एखाद्या देशात राहत नसलात, पण तिथे कायदेशीरपणे हजर असलात, तर तिथून अर्ज करता येतो, मात्र तिथूनच का याचं पटणारं कारण द्यावं लागतं. 'ब्रिटनमधली मुदत संपत आली आहे' हे कारण लिहिणं म्हणजे आपला कच्चा मुद्दा आपणच अधिकाऱ्याच्या हातात देणं. शिवाय भारतात अर्ज केला तर परत जायला तुम्हाला खेचणारं काय दाखवाल? नोकरी नाही, चालू शिक्षण नाही. आईवडिलांचे कागद त्यांचं बूड दाखवतात, तुमचं नाही.

खरी अडचण दुसरीच आहे. ब्रिटनमधून अर्ज करणाऱ्यांसाठी वकिलातींच्या कागदपत्रांच्या यादीत साधारण अशी अट असते की इथली राहण्याची परवानगी शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालू असावी. तुम्ही २७ डिसेंबरला निघणार, म्हणजे परवानगी २७ मार्चपर्यंत हवी. तुमची संपते ३१ जानेवारीला. जवळजवळ दोन महिने कमी पडतात.

मुक्तछंद
हे ३ महिन्यांचं प्रकरण दर वेळी चुकीचं सांगितलं जातं. संहितेच्या कलम १२ मध्ये ३ महिन्यांची अट पासपोर्टला आहे: परतीनंतर ३ महिने वैध, दोन कोरी पानं, आणि गेल्या १० वर्षांत दिलेला. राहण्याच्या परवान्याबद्दल तिथे अक्षर नाही. यादी बनवणारे मनाने भर घालतात आणि लोक घाबरून बेत रद्द करतात.

कागदवाचक
कलम १२ बद्दल तुम्ही म्हणता ते अगदी बरोबर. पण वकिलातीला फक्त पासपोर्ट बघायचा नसतो. व्हिसा संपायच्या आत तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडाल का, हेही तिलाच ठरवायचं असतं, आणि परवान्याची अट त्या पोटी येते. बाहेर पडून ब्रिटनला जाणार असाल तर ब्रिटन तुम्हाला आत घेणार आहे याचा पुरावा हवा. काठावरची तारीख तिथे खटकते.

मुक्तछंद
मग तेच म्हणतोय मी. तुम्ही म्हणता तसं उद्दिष्ट 'बाहेर पडणं' असेल, तर भारतीय नागरिकाला भारत कधीही आत घेतो. पॅरिसहून थेट भारताचं तिकीट जोडा, ३१ जानेवारीचा प्रश्नच मिटला. आणि ब्रिटनला परतायचं म्हटलं तरी २७ डिसेंबर ते ३१ जानेवारी हे पाच आठवडे चालू परवानगीचेच आहेत. नकार द्यायला आधार काय?

कागदवाचक
कायद्याच्या बाजूने युक्तिवाद भक्कम आहे, हे मान्य. अधिकाऱ्याला तसा व्हिसा द्यायला मनाई नाही. पण खिडकीवर फाइल यादीला लावून तपासली जाते. व्हिसा सेंटरचा माणूस निर्णय घेत नसला तरी 'परवाना अपुरा' अशी नोंद फाइलबरोबर जाऊ शकते, आणि मग सगळी भिस्त तुमच्या पत्रावर. भारताचं तिकीट जोडलं तर बाकीची फाइलही तीच गोष्ट सांगायला हवी. ब्रिटनमध्ये पुढे दोन वर्षं राहायचंय असं एका कागदावर आणि प्रवास भारतात संपतोय असं दुसऱ्यावर, हे जुळत नाही. अशा न जुळणाऱ्या फाइलवरच 'मुदतीत परत जाण्याबद्दल वाजवी शंका' हे नकाराच्या छापील नमुन्यातलं कारण टिक होतं.

सायली_टी
सोपा उपाय आहे की. ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज आत्ताच टाका. अर्ज वेळेत टाकला की निर्णय होईपर्यंत जुनी परवानगी आपोआप चालू राहते, १९७१ च्या इमिग्रेशन ॲक्टचं कलम ३सी. अर्जाची पोचपावती शेंगेनच्या फाइलला लावा आणि मजेत जा.

कागदवाचक
सायली, कृपया हे कुणाला सांगू नका. पहिलं अर्धं खरं आहे, दुसऱ्या अर्ध्याने माणूस अडकतो.

कलम ३सी तुम्ही ब्रिटनमध्ये आहात तोवर तुम्हाला सांभाळतं. अर्ज प्रलंबित असताना ब्रिटन, आयर्लंड, आइल ऑफ मॅन आणि चॅनेल बेटं यांच्या बाहेर पाऊल टाकलं, की तो अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. इमिग्रेशन रुल्सचा परिच्छेद ३४के हेच सांगतो. फ्रान्स त्या हद्दीच्या बाहेर आहे. म्हणजे फ्रेंच व्हिसा हातात पडला तरी तो वापरताच ग्रॅज्युएट अर्ज संपला. डिसेंबरमध्ये परतताना स्टुडंट परवानगी शिल्लक असेल आणि पुन्हा अर्ज करता येईल हे खरं, पण फी नव्याने भरावी लागेल. आणि हेच ३१ जानेवारीनंतर घडलं, तर परत यायला काही आधारच उरणार नाही.

शेंगेनच्या अधिकाऱ्याला हा नियम ठाऊक असेल तर तुमची पोचपावती त्याला उलटच सांगेल: हा माणूस बाहेर पडला की याचा अर्ज बुडतो, मग हा परतणार कशावर?

निळीशाई
माझी आई सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर ब्रिटनला आली आहे. तिलाही इथूनच फ्रान्सचा व्हिसा मिळेल ना? तीही कायदेशीरच आहे.

कागदवाचक
आई कायदेशीरपणे हजर आहेत, पण इथे राहत नाहीत. व्हिजिटर व्हिसा हा वास्तव्याचा परवाना नव्हे. त्यामुळे त्यांना वर लिहिलेलं पटणारं कारण द्यावं लागेल: घरून अर्ज करणं का शक्य नव्हतं. इथे आल्यावर अचानक उद्भवलेलं काही असेल तर ते कागदासकट मांडा. 'आलोच आहोत तर जाऊन येऊ' यावर भागत नाही. वकिलातीने स्वतःला सक्षम मानलं नाही, तर संहितेप्रमाणे कागद आणि व्हिसा फी परत करून कुठे अर्ज करायचा ते सांगायला हवं. हा नकार नव्हे. नकार व्हीआयएस या सामाईक नोंदवहीत जातो आणि पाच वर्षांपर्यंत पुढच्या शेंगेन अर्जांच्या वेळी दिसतो. त्यामुळे हातात आलेलं पत्र नीट वाचा, दोन्हींत फार फरक आहे.

गंगोत्री२१
हल्ली हे बंदच झालंय ना? ६ सप्टेंबर २०२५ पासून आपल्या देशातूनच अर्ज करायचा असा नियम आला आहे. तिसऱ्या देशातून स्टॅम्पिंग विसरा.

मुक्तछंद
तो अमेरिकेचा. आणि त्यातही 'आपल्या देशातून किंवा जिथे राहता तिथून' असं आहे. राहता तिथून करायचा तर राहत असल्याचं दाखवायला लागतं, एवढंच. शेंगेनशी त्याचा संबंध नाही.

दर्यावर्दी
म्हणजे भारतात जाऊन करणं बाद. पण मग आधी ग्रॅज्युएट व्हिसा घेऊन नंतर शेंगेन, की आत्ताच शेंगेन? आणि वास्तव्याच्या पुराव्याचं राहिलं. माझं जुनं बीआरपी कार्ड चालेल का?

कागदवाचक
कार्ड नको. ती कार्डं ३१ डिसेंबर २०२४ लाच संपली, आता सगळं ईव्हिसावर आहे. `View and prove your immigration status` मधून शेअर कोड काढा. कारण विचारतात तिथे नोकरी किंवा घरभाडं न निवडता 'इतर' निवडा. बरोबर कोडची सुरुवात `S` ने होते. `W` हा नोकरी देणाऱ्यासाठी, `R` घरमालकासाठी, आणि घाईत लोक यांतलाच कुठला तरी वकिलातीला देऊन बसतात. कोड ९० दिवस चालतो, म्हणून अपॉइंटमेंटच्या आठवड्यातच काढा. कोड तपासणाऱ्याला जन्मतारीखही लागते, तेव्हा कव्हर लेटरमध्ये दोन्ही शेजारी लिहा आणि प्रकार व मुदत दिसणाऱ्या पानाची छापील प्रत जोडा. मधल्या काळात पासपोर्ट नवा केला असेल तर आधी खात्यात त्याचा नंबर बदला, नाहीतर परतीच्या विमानतळावर एअरलाइनला तुमची परवानगी दिसणार नाही.

आता क्रमाचं गणित. ग्रॅज्युएट अर्जाला साधारण ८ आठवडे धरतात. आज टाकला तर १ डिसेंबर. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी हवा, म्हणजे ३ डिसेंबर. मध्ये उरतात दोन दिवस, आणि त्यात अपॉइंटमेंट मिळायला हवी. शिवाय शेंगेनचे नेहमीचे १५ दिवस गरज वाटली तर ४५ पर्यंत लांबतात. डिसेंबरची सहल या क्रमात बसत नाही. मी असतो तर सहल मार्चवर नेली असती: ग्रॅज्युएट परवानगी हातात, तीन महिन्यांची अट आपोआप पूर्ण.

मुक्तछंद
मी तारीख बदलणार नाही. ग्रॅज्युएट अर्ज आत्ता अजिबात टाकायचा नाही, आहे त्या स्टुडंट परवानगीवर याच आठवड्यात शेंगेनचा अर्ज करायचा. परतीचं तिकीट लंडनचं. पत्रात सरळ लिहायचं की परवानगी ३१ जानेवारीपर्यंत आहे, मी २७ डिसेंबरला परततोय आणि त्यानंतर ब्रिटनमधूनच पुढचा अर्ज करणार आहे. सोबत कोर्स पूर्ण झाल्याचं विद्यापीठाचं पत्र. लपवलेली तारीख संशय वाढवते, समजावून सांगितलेली कमी करते.

उंबरठा
आणि नकार आला तर तो नोंदवहीत बसणारच ना? भारताबद्दल मी मागे घेतो, पण एका सहलीसाठी एवढी जोखीम मला पटत नाही. मार्चच बरा.

मुक्तछंद
जोखीम आहेच. पण मार्चला ज्याला सुट्टीच नाही, त्याने काय करायचं?

कागदवाचक
मुक्तछंद यांच्या मार्गाने जाणार असाल तर दोन गोष्टी आधी करा. त्या वकिलातीच्या ताज्या यादीत परवान्याची अट 'हवी' अशी आहे की 'असावी' अशी, ते शब्द न् शब्द वाचा. 'हवी' असेल तर मी अर्ज करणार नाही. दुसरं, विद्यापीठाने तुमचा निकाल गृहखात्याला कळवलाय का हे लेखी विचारा. ते झाल्याशिवाय ग्रॅज्युएट अर्ज करता येत नाही, आणि परतल्यावर त्यासाठी हातात फक्त पाच आठवडे असतील, तेही नाताळच्या सुट्टीपासून सुरू होणारे.

दर्यावर्दी
विद्यापीठाला आत्ताच मेल टाकली. यादी बघून उद्या इथेच लिहितो.