क्रिएटिनीन १.३८ आलं, क्रिएटिन बंद करू का?

चिपळूणकर_२७: आठ महिने जिमला जातोय, स्पर्धा वगैरे नाही. दोन महिने रोज ५ ग्रॅम क्रिएटिन घेतोय. नोकरीच्या तपासणीत क्रिएटिनीन १.३८ आलं, लॅबची मर्यादा १.३. युरिया आणि लघवीचा रिपोर्ट नॉर्मल. आई म्हणते, डबा फेक. फेकू?

आबा_गुहागर: फेकच. आमच्या वाडीतल्या एकाने पावडरी खाल्ल्या, आज डायलिसिसवर आहे. स्टेरॉइडच ते.

लॅबवाली_रत्नागिरी: आबा, क्रिएटिन स्टेरॉइड नाही. त्या माणसाच्या डब्यात काय होतं, त्याला आधीपासून बीपी-शुगर होती का, हे कळल्याशिवाय दोष कसा देणार?
स्नायूंतल्या क्रिएटिनचा थोडा भाग रोज आपोआप क्रिएटिनीन होऊन रक्तात येतो. साठा वाढवला की तोही थोडा वाढतो. मूत्रपिंड ठणठणीत असलं तरी आकडा वर दिसतो, आणि मूत्रपिंड रक्त किती गाळतं याचा अंदाज, म्हणजे ईजीएफआर, त्याच आकड्यावरून काढतात, म्हणून तोही कमी दिसतो. आदल्या दिवशी जड स्क्वॉट मारले किंवा रात्री मटण हाणलं तरी फरक पडतो.
तुमचा युरिया आणि लघवी ठीक आहे, हे चांगलं. पण तेवढ्यावर सोडू नका. दोन-तीन आठवडे क्रिएटिन थांबवा, तपासणीआधी दोन दिवस जिम नको, मग पुन्हा रक्त द्या. सिस्टॅटिन सी ही मूत्रपिंडाची दुसरी रक्ततपासणी करता आली तर उत्तम, तिच्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही. तरीही आकडा वरच राहिला तर पावडरीला दोष न देता डॉक्टर गाठा. आणि हे घेत होतो, हे त्यांना सांगा.

मालवणी_गडी: मी रोज बांगडो खातंय, माका पावडर कित्याक व्हयी?

लॅबवाली_रत्नागिरी: किलोभर कच्च्या मासळीत साधारण चारेक ग्रॅम क्रिएटिन, त्यातलं शिजवताना काही जातं. एवढे बांगडे रोज खात असाल तर नको! शाकाहारी माणसाला बहुधा फरक जास्त जाणवतो.

बारबेल_देवगड: पहिला आठवडा रोज २० ग्रॅम लोडिंग केल्याशिवाय उपयोगच नाही. माझं दीड किलो वाढलं.

लॅबवाली_रत्नागिरी: दीड किलो बहुतेक पाणी, तेही स्नायूंतलं. लोडिंगने साठा आठवड्यात भरतो, रोजच्या ३ ते ५ ग्रॅमने तीन-चार आठवड्यांत. शेवटी जागा तीच, वर पोट बिघडण्याची शक्यता कमी. साधं मोनोहायड्रेट, पाण्यात, कुठल्याही वेळी. कालवलेलं मात्र दिवसभर ठेवू नका. पावसाळ्यात डबा घट्ट लावा, गुठळ्या होतात.

बारबेल_देवगड: पण केस गळतात त्याचं काय?

लॅबवाली_रत्नागिरी: २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या रग्बी खेळाडूंवरच्या एका छोट्या अभ्यासात डीएचटी, म्हणजे केसगळतीशी जोडलं जाणारं हार्मोन, वाढलं होतं. केस मात्र कुणी मोजले नव्हते.

आबा_गुहागर: सेटमध्ये दोन रेप जास्त मारायला एवढा खटाटोप? पोराला स्पर्धेत उतरायचं नाही, मग कशाला?

चिपळूणकर_२७: आबा, दोन रेपसाठीच घेतो. सध्या बंद करतो, पुन्हा रक्त देतो. सिस्टॅटिन सी चिपळुणात होते का?

लॅबवाली_रत्नागिरी: बहुतेक नमुना बाहेर पाठवतील. लॅबला आधी फोन करून विचारा.